कापलेला फोटो ओळखायचा कसा?

दर पावसाळ्यात पुराचे जुने फोटो पुन्हा फिरायला लागतात. एका वर्षी एका नदीवरच्या पुलाचा काढलेला फोटो दोन-तीन वर्षांनी दुसऱ्याच गावाच्या नावावर, "आत्ताची परिस्थिती" म्हणून मोबाइलवर येतो. मधल्या काळात त्या फोटोचं बरंच काही झालेलं असतं. कुणी तो व्हॉट्सअॅपवरून पाठवल्यामुळे त्याचा आकार आणि दर्जा घसरलेला असतो, कुणी त्यावर फिल्टर मारलेला असतो, कुणी डावीकडची ओळखीची पाटी दिसू नये म्हणून कडा कापलेली असते. वर्तमानपत्राच्या कचेरीत बसून हा फोटो आपल्या संग्रहातल्या लाखभर फोटोंपैकी कुठला, हे शोधायचं असेल तर डोळ्यांनी ते होणार नाही. संगणकाने शोधायचं तर त्याला "सारखा" म्हणजे काय हे सांगावं लागतं, आणि सगळी मेख तिथे आहे.

दोन फाइली तंतोतंत एक आहेत का, हे तपासायची पद्धत जुनी आहे. फाइलवर SHA-256 सारखं गणित चालवलं की एक लांबलचक आकडा मिळतो, त्याला हॅश म्हणतात. फाइलमधला एक बिट जरी बदलला तरी हा आकडा आमूलाग्र बदलतो. पासवर्ड किंवा डाउनलोड तपासायला हा गुण हवाच, पण फोटोच्या बाबतीत तोच आडवा येतो. व्हॉट्सअॅपने फोटो पुन्हा दाबून छोटा केला की फाइलमधलं जवळपास सगळंच बदलतं, मग माणसाच्या डोळ्याला दोन्ही फोटो एकच दिसत असले तरी. म्हणून फोटोंसाठी उलट्या स्वभावाचा हॅश लागतो: चित्र थोडं बदललं तर आकडाही थोडाच बदलला पाहिजे. याला पर्सेप्च्युअल हॅश म्हणतात. त्याचे बरेच प्रकार आहेत. त्यातला समजायला सर्वांत सोपा आणि कामालाही चांगला असा डी-हॅश इथे उलगडून पाहू. नील क्रॉवेट्झ यांनी 2013 मध्ये त्याबद्दल लिहिलं आणि तेव्हापासून तो सर्रास वापरात आला.

समजा आपल्याकडे पुराच्या पाण्यातल्या पुलाचा 1800 पिक्सेल रुंदीचा मूळ फोटो आहे. मध्यभागी अडकलेला ट्रक, मागे झाडी, दोन्ही बाजूंना गढूळ पण उजळ पाणी. डी-हॅश पहिल्यांदा रंग काढून टाकतो आणि फोटो कृष्णधवल करतो. मग तो फोटो दाबून फक्त 9 उभे स्तंभ आणि 8 आडव्या ओळी एवढाच करतो, म्हणजे अख्ख्या चित्राची 72 घरं उरतात. प्रत्येक घरात एकच आकडा: त्या भागाचा सरासरी उजेड, 0 म्हणजे काळा आणि 255 म्हणजे पांढरा. एवढ्या लहान चित्रात ट्रकचा नंबर दिसत नाही, ट्रक आहे हेही कळत नाही. फक्त उजेड कुठे आणि अंधार कुठे, ही ठेवण उरते. नेमकी तीच आपल्याला हवी असते.

पुलाच्या उंचीवरची एक ओळ घेऊ. तिच्या नऊ घरांतले आकडे असे आहेत असं धरा:

```
198  205  190  131   96  104  118  112  171
```

आता शेजारशेजारच्या घरांची जोडीजोडीने तुलना करायची. उजवं घर डाव्यापेक्षा उजळ असेल तर 1, नसेल तर 0. 205 हे 198 पेक्षा जास्त, म्हणून 1. 190 हे 205 पेक्षा कमी, म्हणून 0. असं शेवटपर्यंत गेलं की या ओळीचे आठ बिट मिळतात: `10001101`. आठ ओळींचे मिळून 64 बिट, म्हणजे फक्त 8 बाइट. संपूर्ण फोटोचा हॅश तो हाच.

दोन फोटो किती जवळचे आहेत हे बघायला त्यांचे हॅश एकाखाली एक ठेवून किती जागी बिट वेगळे आहेत ते मोजतात. या मोजणीला हॅमिंग अंतर म्हणतात. अंतर 0 असेल तर दोन्ही हॅश एकच. पायथॉनमध्ये हे सगळं `imagehash` नावाच्या लायब्ररीत तयार मिळतं:

```python
from PIL import Image, ImageOps
import imagehash

def hash_of(path):
    img = ImageOps.exif_transpose(Image.open(path))
    return imagehash.dhash(img)

print(hash_of("pur.jpg") - hash_of("aalela.jpg"))
```

शेवटच्या ओळीतली वजाबाकी म्हणजेच हॅमिंग अंतर. `exif_transpose` विसरू नये. फोन उभा धरून काढलेला फोटो बऱ्याचदा आडवाच साठवलेला असतो आणि "दाखवताना फिरव" एवढी सूचना फाइलमध्ये वेगळी लिहिलेली असते. ती न पाळता हॅश काढला तर एकाच फोटोच्या दोन प्रतींमधली एक आडवी आणि एक उभी मोजली जाते, आणि अंतर भलतंच येतं.

आता आपल्या फोटोवर जे जे झालं ते एकेक करून या आठ बिटांवर करून पाहू.

आकार कमी केला तर काहीच बिघडत नाही. मूळ फोटो 1800 पिक्सेलचा असो की 600 चा, शेवटी त्याची 72 घरंच करायची आहेत. सरासरीत एखाददुसऱ्याचा फरक पडतो, तेवढ्याने 131 आणि 96 यांचा क्रम उलटत नाही. धोका असतो तो सपाट भागात. ढगाळ आभाळाच्या दोन शेजारच्या घरांत 201 आणि 202 असे आकडे असतील, तर पुन्हा दाबलेल्या प्रतीत ते 202 आणि 201 होऊ शकतात आणि एक बिट उलटतो. म्हणूनच प्रत खरी असली तरी अंतर दरवेळी 0 येत नाही, दोन-चार येतं.

उजेड वाढवला तरी हॅश टिकतो. सगळ्या घरांत 30 मिळवले तरी मोठा आकडा मोठाच राहतो, आणि डी-हॅश आकडे कधी लक्षात ठेवत नाही, फक्त क्रम ठेवतो. मर्यादा येते ती 255 च्या छताला डोकं लागल्यावर. 60 मिळवले तर 198 आणि 205 दोन्ही 255 वर अडकतात, त्यांच्यातला फरक संपतो आणि पहिल्या बिटाचा 1 जाऊन 0 येतो. पार पांढरे पडेपर्यंत उजळलेले फोटो म्हणूनच हातून निसटतात.

रंगाचं जरा वेगळं आहे. सेपिया किंवा कृष्णधवल फिल्टरने फारसं बिघडत नाही, कारण रंग आपण आधीच टाकून दिलेला असतो. पण टाकून देताना लाल, हिरवा आणि निळा यांना सारखं वजन मिळत नाही. नेहमीच्या सूत्रात हिरव्याला 0.587, लालला 0.299 आणि निळ्याला 0.114 वजन असतं, माणसाचा डोळा हिरव्याला जास्त संवेदनशील असल्यामुळे. ट्रकची लाल ताडपत्री (200, 60, 60) कृष्णधवल होताना 102 होते आणि शेजारची हिरवी झाडी (60, 120, 60) होते 95. ताडपत्री उजळ. आता कुणी "थंड" दिसणारा फिल्टर लावून लाल रंग पाचव्या हिश्श्याने कमी केला, तर ताडपत्री 90 वर येते आणि झाडी 92 वर. क्रम उलटला, बिट उलटला. म्हणजे रंग बदलण्यापुढे हॅश टिकतो हे बरोबर, पण ते ज्या दोन घरांच्या उजेडात भरपूर फरक आहे तिथपुरतं. पुराच्या फोटोत आभाळ, पाणी, काळे आकार असा ढळढळीत फरक असतो, त्यामुळे 64 पैकी बहुतेक बिट जागच्या जागी राहतात.

खरी परीक्षा कापण्याची. पाटी लपवायला कुणी फोटोची डावी बाजू 200 पिक्सेलनी कापली असं धरू, म्हणजे बरोबर एक स्तंभ गेला. उरलेली 1600 पिक्सेलची रुंदी पुन्हा नऊ स्तंभांत वाटली जाणार. पूर्वी प्रत्येक स्तंभ 200 पिक्सेलचा होता, आता तो साधारण 178 चा झाला. त्यामुळे नव्या स्तंभांच्या सीमा जुन्या सीमांवर बसत नाहीत. पहिला नवा स्तंभ जुन्या दुसऱ्या स्तंभातच मावतो, दुसऱ्यात जुन्या दुसऱ्याचा थोडा आणि तिसऱ्याचा बराच भाग येतो, आणि असं सरकत सरकत शेवटचा स्तंभ मात्र जुन्या शेवटच्यातच राहतो. जुन्या घरांचा उजेड आतून एकसारखा धरून हिशेब केला तर तीच ओळ अशी होते:

```
205  192  146  109  100  109  117  119  171
```

बिट आले `00001111`. पूर्वीचे होते `10001101`. आठांपैकी दोन उलटले. बाकीच्या ओळींतही असंच झालं तर एकूण अंतर 16 वर जातं. आणि ही कापणी एका बाजूने, रुंदीच्या जेमतेम नवव्या हिश्श्याएवढी आहे. वरूनही कापलं असतं तर ओळींच्या सीमाही सरकल्या असत्या. फोटो पाहणाऱ्या माणसाला मात्र फरक जाणवतही नाही, कारण ट्रक, पूल, झाडी सगळं तिथेच आहे.

याचं कारण हॅशच्या रचनेतच आहे. डी-हॅशमधला प्रत्येक बिट "डावीकडून पाचव्या, वरून चौथ्या घरात काय" असं बोलतो, आणि डावीकडून म्हणजे चौकटीच्या डाव्या कडेपासून. तो फोटोतल्या ट्रकला ओळखत नाही, चौकटीपासूनचं ठिकाण ओळखतो. खिडकीच्या गजांमधून रस्ता पाहावा आणि कुणी खिडकीच सरकवावी, तसं हे होतं: रस्ता तोच, पण प्रत्येक गजाआड आता वेगळंच काही.

हे एकदा लक्षात आलं की कुठला बदल जड जाईल याचा अंदाज आधीच बांधता येतो. फोटोच्या खालच्या भागावर कुणी बातमीची लाल पट्टी चिकटवली आणि ती उंचीच्या आठव्या हिश्श्याएवढी असली, तर फक्त शेवटची ओळ खराब होते. जास्तीत जास्त आठ बिट, प्रत्यक्षात साधारण चार. पण तीच पट्टी फोटोच्या खाली जोडून फोटोची उंची वाढवली, तर मूळ फोटोतलं काहीच झाकलं गेलेलं नसूनही सगळ्या ओळी सरकतात आणि अंतर फार मोठं येतं. मोबाइलवर घेतलेल्या स्क्रीनशॉटच्या वर-खाली येणाऱ्या काळ्या पट्ट्या हेच करतात. त्या एकरंगी असल्याने हॅश काढण्याआधी छाटून टाकणं सोपं आहे, आणि माझ्या मते एवढी एक पायरी घातली तरी सुटलेल्या प्रतींपैकी बऱ्याच हाती लागतात.

मग कापलेल्या प्रतीसाठी मर्यादाच सैल करावी, 16 किंवा 18 पर्यंत अंतर चालवून घ्यावं, असं कुणालाही सुचेल. तसं करू नये, आणि त्याला आकड्यांचं कारण आहे. एकमेकांशी काही संबंध नसलेल्या दोन फोटोंचे बिट नाणेफेकीसारखे धरले, तर त्यांच्यात सरासरी 32 बिटांचं अंतर निघतं. योगायोगाने ते 10 किंवा त्याहून कमी येण्याची शक्यता साधारण दहा कोटींत एक. ऐकायला हे फार सुरक्षित वाटतं. पण एक लाख फोटोंच्या संग्रहात प्रत्येक फोटो दुसऱ्या प्रत्येकाशी ताडून पाहिला तर जवळपास 500 कोटी जोड्या होतात, म्हणजे नुसत्या योगायोगाने 50 खोट्या जोड्या निघणारच. मर्यादा 16 वर नेली की हा आकडा हजारो पटींनी फुगतो.

आणि खरे फोटो नाणेफेकीसारखे नसतात. बऱ्याच फोटोंत वर उजळ आभाळ आणि खाली काळसर जमीन असतेच. कागदपत्रांचं तर विचारूच नका. सातबाराच्या दोन वेगवेगळ्या उताऱ्यांचे फोटो 72 घरांत दाबले की अक्षरं विरघळून करड्या पट्ट्या उरतात आणि दोन वेगळ्या शेतकऱ्यांचे उतारे एकच असल्यासारखे दिसतात. एकाच नमुन्यावर छापलेल्या लग्नपत्रिका, पांढऱ्या पानावरचे अर्ज, "शुभ सकाळ"ची एकाच पार्श्वभूमीवरची चित्रं, सगळ्यांचं तेच. फोनमधले दुहेरी फोटो आपोआप पुसणारं अॅप चालवताना नेमकी हीच चित्रं जातात. म्हणून हॅश जुळला की पुसून टाक, अशी मुभा संगणकाला देऊ नये. हॅशने फक्त संशयितांची यादी द्यावी.

मोठ्या कंपन्यांनी यावर एक उपाय केला तो हॅश लांब करण्याचा. फेसबुकने 2019 मध्ये खुला केलेला पीडीक्यू हा हॅश 256 बिटांचा आहे आणि त्यात साधारण 31 बिटांपर्यंतचं अंतर जुळणी मानतात. यादृच्छिक जोडीचं सरासरी अंतर तिथे 128 असल्यामुळे योगायोगाला जवळपास वावच राहत नाही. शिवाय चित्र फारच सपाट असेल तर पीडीक्यू स्वतःच कमी गुण देऊन "या हॅशवर विसंबू नका" असं कळवतो. सातबाराचा घोटाळा तिथे पकडला जाऊ शकतो. पण चौकटीशी बांधलेपण त्यातही आहेच. बाजू मोठी कापली की पीडीक्यूही हरतो.

कापण्यावर एक स्वस्त उपाय असा की संग्रहातल्या प्रत्येक फोटोचा एकच हॅश न ठेवता, तो डावीकडून, उजवीकडून, वरून, खालून दहा-पंधरा टक्के कापून त्या त्या तुकड्यांचे हॅशही आधीच काढून ठेवायचे. प्रत्येकी 8 बाइटच लागत असल्यामुळे जागेची चिंता नाही. आलेला फोटो यांतल्या एखाद्या तुकड्याच्या जवळपास कापलेला असला की जुळतो. दुसरा मार्ग `imagehash` मध्येच `crop_resistant_hash` या नावाने आहे. तो फोटोचे उजळ आणि काळोखे सलग पट्टे वेगळे काढतो आणि प्रत्येक पट्ट्याचा स्वतंत्र हॅश ठेवतो. ट्रकचा काळा आकार पूर्ण शिल्लक असेल, तर फोटोची कडा कुठेही कापा, त्या आकाराची चौकट ट्रकवरूनच ठरते आणि त्याचा हॅश टिकतो. कल्पना सुंदर आहे. मात्र पट्टे कुठे सुरू होतात आणि कुठे संपतात हे उजेडावरून ठरत असल्याने भडक फिल्टर लावलेल्या फोटोंत ते नीट वेगळे निघत नाहीत.

अर्धा फोटोच कापून घेतला असेल तर मात्र चौकट पूर्णपणे सोडून द्यावी लागते. तिथे ओआरबीसारखी पद्धत उपयोगी पडते. ही पद्धत 2011 मध्ये प्रसिद्ध झाली आणि ओपनसीव्ही या लायब्ररीत ती तयार मिळते. ती फोटोतले ठळक कोपरे शोधते: पुलाच्या कठड्याचं टोक, ट्रकच्या काचेचा कोपरा, विजेच्या खांबावरचा आडवा दांडा. नेहमीच्या मांडणीत असे जास्तीत जास्त 500 बिंदू घेतले जातात आणि प्रत्येकाच्या आजूबाजूच्या छोट्या तुकड्याचा 256 बिटांचा वर्णनसंच बनतो. हा संच फोटोच्या कडेपासून मोजलेला नसतो, त्या कोपऱ्याभोवतीच मोजलेला असतो. म्हणून कडा कापली तरी आत राहिलेल्या कोपऱ्यांना त्याची झळ लागत नाही.

आलेल्या फोटोतले कोपरे संग्रहातल्या फोटोच्या कोपऱ्यांशी जुळवले की काही जुळण्या खऱ्या निघतात, काही भलत्याच, कारण कठड्याची सगळी टोकं एकमेकांसारखीच दिसतात. खऱ्या-खोट्याचा निवाडा भूमिती करते. आलेला फोटो खरोखर कापलेली प्रत असेल तर सगळे खरे बिंदू एकाच हिशेबाने सरकलेले असले पाहिजेत: उदाहरणार्थ, प्रत्येक बिंदू 200 पिक्सेल डावीकडे गेला आणि मग सगळं तीन-चतुर्थांश लहान झालं. रॅन्सॅक नावाची 1981 पासूनची पद्धत काही मोजक्या जोड्या उचलून असा एक हिशेब मांडते, बाकीच्या किती जोड्यांना तो लागू पडतो ते मोजते, आणि हे पुन्हा पुन्हा करून सर्वांत जास्त पाठिंबा मिळालेला हिशेब ठेवते. तीस-चाळीस बिंदू एका हिशेबावर एकमत झाले तर योगायोग म्हणायला जागा राहत नाही. चार-पाचच झाले तर संशय ठेवावा. आणि ते सगळे फोटोच्या एकाच कोपऱ्यात दाटीने बसले असतील तर वाहिनीचा लोगो जुळला आहे, फोटो नव्हे, असं समजावं. हा लोगोचा सापळा फार नेहमीचा आहे.

हे सगळं फुकट मिळत नाही. 500 बिंदूंचे 32-32 बाइट म्हणजे एका फोटोमागे 16,000 बाइट, डी-हॅशच्या दोन हजार पट, आणि तुलनेला लागणारा वेळही त्याच मानाने वाढतो. म्हणून व्यवहारात आधी हॅश लावून, तुकड्यांच्या हॅशसकट आणि थोडी सैल मर्यादा ठेवून, काही शे संशयित काढतात. बिंदू जुळवण्याचं महागडं काम फक्त त्यांच्यावर करतात. त्यातूनही सुटतो तो आरशात उलटा केलेला फोटो. पाटीवरची अक्षरं उलटी दिसतात म्हणून तो माणसाला लगेच कळतो, पण हॅश आणि ओआरबी दोघांनाही तो वेगळाच फोटो वाटतो. आलेला फोटो एकदा सरळ आणि एकदा उलटवून, असा दोनदा शोधला की हेही भागतं.

जुळणी पक्की झाली की भूमितीचा तोच हिशेब आणखी एक गोष्ट सांगतो, आणि जुन्या फोटोचा खरा माग काढताना मला ती सर्वांत मोलाची वाटते. आलेल्या फोटोची चौकट त्या हिशेबाने मूळ फोटोवर काढून पाहता येते: ती कुठून सुरू होते, डावीकडचा कुठला पट्टा वगळला आहे, पाटी त्या पट्ट्यात होती का. दोन प्रतींपैकी जिच्यात दुसरीच्या चौकटीबाहेरचाही भाग दिसतो, ती दुसरीतून कापलेली नव्हे. कापून घेतलेल्या प्रतीत, कुणी मुद्दाम रंगवून भरल्याशिवाय, बाहेरचं दृश्य येऊच शकत नाही. फोटो कधी काढला हे मात्र पिक्सेलमधून निघत नाही. व्हॉट्सअॅपने फाइलमधली तारीख बहुधा आधीच काढून टाकलेली असते. तारखेसाठी संग्रहातल्या त्या पूर्ण प्रतीची नोंदच उघडावी लागते: ती कुठल्या अंकात, कुठल्या पानावर, कुठल्या ओळीसह छापली होती.